मोडलेली ईपीएस पेन्शन पैसे परत भरून पुन्हा जोडता यायला हवी का?

सातवर्षे_गेली: जुलै 2002 ते जून 2009 मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. बाळंतपणानंतर नोकरी सोडली तेव्हा ऑफिसने दोन फॉर्म पुढे केले, मी सह्या केल्या. पीएफ मिळाला, त्याच्या जोडीच्या ईपीएस या पेन्शन योजनेचे 46,345 रुपयेही मिळाले. आता पन्नाशीत पुन्हा नोकरी लागली आहे, बेसिक 22 हजार. ते पैसे व्याजासकट परत भरायला तयार आहे. माझी सात वर्षं परत मिळतील का? आणि मिळत नसतील तर मिळायला नकोत का?

रोखठोक: मिळायला हवीतच. तो पैसा मालकाच्या वाट्यातून, पण तुमच्या कष्टावर जमा झाला होता. हिशेब सोपा आहे. जुनी सात आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन लागेपर्यंतची पुढची आठ मिळून पंधरा वर्षं. पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरतात. पंधरा हजार गुणिले पंधरा भागिले सत्तर, म्हणजे महिना 3,214 रुपये. आज पेन्शनला लागणारी किमान दहा वर्षं भरत नाहीत म्हणून यातलं काहीच नाही. एका सहीची एवढी शिक्षा कशासाठी?

खातेवही: बावीस वर्षं कंपन्यांच्या पीएफचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आजच्या नियमात पैसे परत भरायची सोय नाही. पेन्शनच्या फॉर्म 10सी वर दोन पर्याय असतात, पैसे काढणे किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा पुढच्या नोकरीत जोडायचा दाखला. सर्टिफिकेट घेतलं असतं तर सोळा वर्षांच्या खंडानेही काही बिघडलं नसतं. नुसत्या खंडाने पेन्शनची सेवा मरत नाही, पैसे काढल्याने मरते.

तुमचा आकडा बरोबर जुळतो. तेव्हा पगाराची मर्यादा 6,500 होती आणि सात वर्षांना तक्त्यातला गुणक 7.13. गुणाकार केला की 46,345. म्हणजे पैसे निघालेच आहेत, यात शंका उरत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि ती जास्त बोचणारी आहे. 1 सप्टेंबर 2014 नंतर नव्याने लागणाऱ्याचा पगार 15 हजारांच्या वर असेल तर त्याला ईपीएसमध्ये घेत नाहीत. पैसे काढल्यामुळे तुमचं जुनं सभासदत्व संपलं, म्हणून 22 हजारांवर तुम्ही ‘नवीन’ ठरता. सर्टिफिकेट असतं तर जुन्या सभासद म्हणून आत राहिला असतात. तुमच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसत असेल आणि मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये पडत असेल, तर ते बरोबर आहे. पण पेन्शनच्या रकान्यात दरमहा 1,250 पडताना दिसले तर एचआरला लगेच सांगा. ती चूक असते आणि निवृत्तीच्या वेळी क्लेम अडकतो.

रोखठोक, तुमचं सूत्र बरोबर, रक्कम चुकली. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सेवेला 6,500 चीच मर्यादा लागते. जुन्या सात वर्षांचे 650, पुढच्या आठ वर्षांचे 1,714. मिळून 2,364.

रोखठोक: दुरुस्ती मान्य. 2,364 तर 2,364. तो आकडा लहान म्हणून हक्क लहान होत नाही.

हिशेबी_माणूस: मी विरोधात आहे, आणि ताईंबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून. 46,345 वर साडेआठ टक्क्यांनी सोळा वर्षांचं व्याज लावा, साधारण 1 लाख 71 हजार होतात. वर पुढची आठ वर्षं दरमहा 1,250 पीएफऐवजी पेन्शनमध्ये जाणार, ते 1 लाख 20 हजार. व्याज सोडलं तरी 2,364 च्या हिशेबाने हे वसूल व्हायला सव्वादहा वर्षं लागतात, तीही अठ्ठावन्नाच्या पुढे. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. तोच पैसा पीएफमध्ये राहिला तर मुद्दल घरात राहतं.

दुसरं म्हणजे, परत भरायची मुभा दिली की ज्याला फायदा दिसतो तोच भरणार. कुणाला दहा वर्षांना एक वर्ष कमी पडतंय, कुणाला गंभीर आजार निघालाय आणि बायकोची सोय करायची आहे. उरलेले येणार नाहीत. तो भार निधीवर, म्हणजे कधीच पैसे न काढलेल्यांवर पडेल.

परतलेली_लंडनहून: इंग्लंडमध्ये तर सरकारी पेन्शनची न भरलेली वर्षं विकत घेता येतात! मी पुण्यात बसून घेतली. 2024-25 च्या दराने वर्षाचे साधारण 907 पौंड, आणि दर आठवड्याच्या पेन्शनमध्ये सहा पौंडांच्या वर वाढ. तीन वर्षांच्या आत वसूल. इथे का नाही?

खातेवही: तिथे मुळात पैसे काढून घेताच येत नाहीत. तुम्ही न भरलेलं वर्ष भरलंत, ताईंना घेतलेलं परत करायचं आहे. तुलना पूर्ण बसत नाही.

पण आपल्याकडेही हे झालेलं आहे. 16 नोव्हेंबर 1995 ला ही योजना आली, तेव्हा 1 एप्रिल 1993 नंतर नोकरी सोडलेल्यांना जुन्या कुटुंब पेन्शनचे घेतलेले पैसे व्याजासह परत करून आत यायचा पर्याय दिला होता. म्हणजे तत्त्व परकं नाही.

नऊ_आणि_सात: माझी सलग नऊ वर्षं सात महिने सेवा भरते. मलाही पैसे भरावे लागतील का?

खातेवही: नाही. सहा महिने किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, तुमची दहा झाली. मात्र मधले बिनपगारी दिवस त्यातून वजा होतात, ते आधी बघा. आणि 10सी भरून पैसे मागू नका.

रोखठोक: हिशेबी दादा, तुम्ही एक गोष्ट मोजलीच नाही. नोकरीत असताना सभासद गेला तर एका महिन्याच्या वर्गणीवरही जोडीदाराला पेन्शन सुरू होते. ताई सभासदच नाहीत, म्हणून ते छत्रही नाही. याची किंमत सव्वादहा वर्षांच्या भागाकारात कुठे येते? आणि आजारपणात कुणी घुसेल ही भीती असेल तर पुन्हा रुजू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, एकदाच, अशी अट घाला. बाळंतपणासाठी घरी बसलेल्या बाईला आजारी माणसाच्या संशयात का धरायचं?

हिशेबी_माणूस: सहा महिन्यांची अट घातली तर माझा अर्धा विरोध मावळतो. व्याजाच्या दराबद्दल मात्र मी ठाम आहे, निधीला तोटा होईल असा दर नको.

खातेवही: सरकारची दिशा वेगळी दिसते. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे काढण्याआधी थांबायचा काळ दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर न्यायचं ठरवलं. मोडणं अवघड करायचं, मोडलेलं जोडायचं नाही. ताईंसारख्यांसाठी त्यात काहीच नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगतो. त्या काळी ऑफिसं पीएफचा फॉर्म 19 आणि पेन्शनचा 10सी एकत्रच सही करून घेत, पण कधीकधी 10सी तसाच पडून राही. बँकेचं जुनं पासबुक काढा. नोकरी सोडल्यानंतर पीएफ ऑफिसकडून दोन रकमा आल्या की एकच? एकच आली असेल तर तुमची पेन्शनची सेवा जिवंत असण्याची दाट शक्यता आहे, आणि स्कीम सर्टिफिकेट आजही मागता येतं.

सातवर्षे_गेली: माझ्या पासबुकात डिसेंबर 2009 ला चार दिवसांच्या अंतराने दोन्ही रकमा आहेत. दुसऱ्या रकमेतून आम्ही फ्रीज घेतला होता. पण माझ्याबरोबर त्याच दिवशी सोडलेली मैत्रीण आहे, तिला आत्ता फोन केला. तिच्याकडे एकच नोंद सापडली आहे.