मदत हवी आहे: मेक्सिकोतील मित्राच्या आईचे निधन, स्पॅनिशमध्ये सांत्वनाचा संदेश

मंजिरी_पुणे
ग्वादालाहारा येथील माझ्या मित्राच्या आईचे निधन झाले. कुटुंबाने पाठवलेल्या निधनवार्तेवर क्रूस आणि ‘के एन पास देस्कान्से’ म्हणजे ‘तिला शांती लाभो’ या वाक्याची आद्याक्षरे आहेत, मित्र स्वतः मात्र चर्चमध्ये फारसा जात नाही. मी असे लिहिले आहे: ‘मि मास सेन्तिदो पेसामे. के दियोस तेंगा आ तु माद्रे एन सु ग्लोरिया.’ पहिले वाक्य मनापासूनच्या सांत्वनाचे आहे. ईश्वराने तिला आपल्या वैभवात स्थान द्यावे, हे दुसरे वाक्य माझ्यासारख्या हिंदू व्यक्तीच्या तोंडी कृत्रिम वाटेल का, आणि ते गाळले तर संदेश कोरडा होईल का?

सदानंद
देवाचा उल्लेखच नको. ‘ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो’, म्हणजे तुझ्या दुःखात मी सोबत आहे, असे लिहा. माद्रिदमध्ये सर्वांच्या तोंडी हेच ऐकले.

रेवती_कु
सदानंद यांचे वाक्य बरोबर आहे, परंतु ते अंत्यविधीच्या वेळी हात हातात घेऊन म्हणण्याचे असल्याने जवळच्या मित्राला ते औपचारिक वाटेल. ‘सेन्तिदो पेसामे’चेही तसेच. मेक्सिकोत मी काही वर्षे राहिले. तिथे देवाचे नाव न घेणारी माणसेही दियोसचे वाक्य रीत म्हणून सहज लिहितात, त्यामुळे ते कोणाला खटकणार नाही. ‘माद्रे’ मात्र बदलाच: तिथल्या अनेक शिव्या त्या शब्दावर बेतलेल्या असल्याने मित्राशी बोलताना त्याच्या आईला ‘तु मामा’ म्हणतात. ‘ही देवाची इच्छा होती’ किंवा ‘ती आता अधिक चांगल्या जागी आहे’ असे मात्र लिहू नका, कारण त्या दुःखाचा अर्थ आपण परस्पर ठरवल्यासारखे होते. मी असे लिहीन:

‘सिएन्तो मुचो ला मुएर्ते दे तु मामा. के एन पास देस्कान्से. ते मांदो उन आब्रासो फुएर्ते. नो आसे फाल्ता के रेस्पोन्दास.’

आधी तुमचे दुःख, मग कुटुंबाने स्वतः वापरलेलेच धार्मिक शब्द, मग मिठी, आणि शेवटी उत्तर देण्याची गरज नाही हे सांगणे. त्याच्या आईची एखादी आठवण असल्यास पहिल्या वाक्यानंतर घाला. अनेक कॅथलिक घरांत नऊ दिवस जपमाळेची प्रार्थना चालते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर गैरसमज नको. स्पॅनिश लिपीतील मजकूर व्यनितून पाठवते.

अनघा_ठाणे
आमच्या कोलंबियन शेजारीणबाई इव्हँजेलिकल पंथाच्या आहेत आणि त्यांच्याकडे मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, म्हणून मी ‘के दियोस ते दे फोर्तालेसा’ म्हटले होते, देव तुला बळ देवो. मंजिरी, तुम्हीही हेच लिहा.

मंजिरी_पुणे
अनघा, हे कुटुंब कॅथलिक आहे. ‘मामा’ आणि शेवटचे वाक्य घेत आहे. दियोसचे वाक्य गाळते, कारण रीत असली तरी ते माझे वाटत नाही. वडिलांनाही लिहायचे आहे. त्यांना मी कधी भेटले नाही.

रेवती_कु
त्यांना आदरार्थी ‘उस्तेद’ वापरा: ‘रेसीबा मि मास सेन्तिदो पेसामे.’ तिथे हेच वाक्य योग्य.

सदानंद
तरीही माझ्या मते देवाशिवायचे वाक्य सर्वांत निर्धोक.