फोटो फुटतोय! रविवारच्या आत फ्रेम हवी आहे, मदत करा

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. अण्णा एसटीतून रिटायर होतायत, रविवारी घरी कार्यक्रम आहे. फोटोची १२ बाय १८ इंची फ्रेम करायचीय. फोटो मोबाईलवर एक नंबर दिसतो. पण पोवई नाक्याजवळचा स्टुडिओवाला म्हणतो फुटतोय, ओरिजिनल आणा. ओरिजिनलच दिलाय की! कुणीतरी सांगितलं म्हणून Document करून पण पाठवला, तरी तेच. मशिनच खराब असेल का त्याचं? लवकर सांगा, शुक्रवारी द्यायचाय.

कंदीपेढा
लेन्स पुसून परत काढ. माझ्या मोबाईलला कव्हरचा तेलकटपणा लागायचा, सगळे फोटो धुरकट. रुमालाने पुसलं की झालं.

शाहूपुरीकर
अहो दादा, परत कसा काढू? अण्णांच्या शेवटच्या फेरीचा आहे. सातारा स्टँडवर गाडीला हार घातलेला, अण्णा खाकीत दारात उभे. ती फेरी काय परत मारायला लावू?

यवतेश्वरघाट
भावा, व्हॉट्सॲपवर पाठवताना वर HD लिहिलेलं असतं ते दाब. विषय संपला.

कोरेगावची_माई
फोटो काढला कुणी? आणि तुझ्याकडे आला कसा? ते सांगितलंच नाहीस.

शाहूपुरीकर
चुलतभावाने काढला, तो पुण्याला असतो. फॅमिली ग्रुपवर टाकला, मी तिथनं सेव्ह केला. त्याने काय फरक पडतो?

डार्करूम_कराड
सगळा फरक तिथंच आहे. तीस वर्षं स्टुडिओ चालवलाय म्हणून सांगतो, मशिनला दोष देऊ नका. गॅलरीत तो फोटो उघडा, तीन टिंबं दाबून Details बघा. फाईलचं नाव, आकार आणि पिक्सेल, तिन्ही इथे लिहा.

शाहूपुरीकर
IMG-20250430-WA0031.jpg
214 KB
1600 × 1200

डार्करूम_कराड
नावात WA आहे, म्हणजे ही व्हॉट्सॲपने तयार केलेली प्रत. भावाच्या मोबाईलमधला फोटो चार हजार पिक्सेलच्या आसपास रुंद असणार. ग्रुपवर साधा फोटो म्हणून टाकला की ॲप त्याची लांब बाजू साधारण १६०० वर आणतं आणि वर आणखी दाबतं. तुम्ही Document केलंत ते बरोबरच केलंत, पण कशाचं? आधीच आटलेल्या प्रतीचं. Document म्हणजे फाईल आहे तशी पोचवणं. गेलेलं ते परत आणत नाही.

आता हिशोब करा. १८ इंचात १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला ८९. हातभर अंतरावरून बघायच्या फ्रेमला आम्ही ३०० धरतो, दोनशेच्या वर असेल तरी चांगलं येतं. मोबाईलचा पडदाच चार बोटं रुंद, तिथे १६०० पिक्सेल भरपूर होतात. म्हणून तुम्हाला तो एक नंबर दिसतो.

फ्लेक्सवाला_वाई
काहीही हं काका. मी १० बाय ६ फुटांचे फ्लेक्स व्हॉट्सॲपच्या फोटोवर छापतो. अख्खी वाई बघते, आजवर कुणी बोंबललं नाही.

डार्करूम_कराड
फ्लेक्स चौकात वीस फुटांवरून बघतात हो. भिंतीवरच्या फ्रेमसमोर पाहुणे नाक लावून उभे राहतात, "हा कोण, तो कोण" करत.

फ्लेक्सवाला_वाई
तरी पण इंचाला ३०० म्हणजे अतीच. २०० मध्ये भागतं.

डार्करूम_कराड
मी तेच लिहिलंय वर. वाचत जा.

शाहूपुरीकर
भांडू नका ओ. नुसते पिक्सेलच कमी होतात का? कारण स्टुडिओवाल्याने मोठा करून दाखवला तेव्हा बसच्या पाटीवरची अक्षरं खराब दिसली, कडेने चिलटं बसल्यासारखे ठिपके. आणि लाल रंग बाहेर सांडल्यासारखा.

डार्करूम_कराड
बरोबर पकडलंत, ते दाबण्यामुळे. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा ढोबळ करतं. आकाशाच्या चौकोनात बारकावा असतोच कुठे, तिथे काही कळत नाही. पण काळ्या पाटीवर पांढरं अक्षर म्हटलं की त्याच चौकोनात एकदम उजेड आणि एकदम अंधार. तो थोडक्यात मांडता येत नाही, मग कडेला ठिपके उठतात. रंगाचं तर आणखी वाईट. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो आणि रंगातला कमी, म्हणून रंगाची माहिती सहसा उभीआडवी निम्मीच ठेवतात. लाल गाडीवर पांढरी अक्षरं असली की ते उघडं पडतं.

यवतेश्वरघाट
म्हणून तर म्हणतोय HD!

डार्करूम_कराड
HD मध्ये पिक्सेल बऱ्यापैकी वाचतात, पण दाबणं होतंच. आणि तेही भावाने पाठवताना करायला हवं होतं. यांच्याकडच्या १६०० वाल्या फोटोला HD करून काय मिळणार?

कोरेगावची_माई
शिवाय प्रत्येक फॉरवर्डला फोटो आणखी खराब होतो. म्हणून ग्रुपवरचे देवाचे फोटो एवढे गढूळ असतात.

डार्करूम_कराड
ताई, थोडं वेगळं आहे. नुसतं फॉरवर्ड केलं तर तीच फाईल पुढे जाते. कुणी गॅलरीतून उचलून नव्याने फोटो म्हणून टाकला किंवा स्क्रीनशॉट काढून टाकला, की परत दाबला जातो.

निवृत्त_मास्तर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझा मोबाईल सुप्रभातच्या फोटोंनी भरला आहे. ते कायमचे कसे बंद करावेत?

शाहूपुरीकर
मास्तर, नंतर प्लीज. काका, भावाला नेमकं काय सांगू?

डार्करूम_कराड
त्याच्याच मोबाईलमधून, पिनच्या खुणेवर जाऊन Document निवडायचं आणि तिथून मूळ फोटो घ्यायचा. Photos किंवा Gallery मधून नाही. तुमच्याकडे दोन-चार एमबीची फाईल आली आणि नावात WA नसलं तर समजा जमलं. तुम्हीही ती स्टुडिओला Document म्हणूनच द्या, नाहीतर पेनड्राइव्हवर घेऊन जा.

कोरेगावची_माई
एक लक्षात ठेवा, Document मध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही फाईलसोबत जाऊ शकतं. स्टँडच्या फोटोचं काही नाही, पण घरातले फोटो अनोळखी माणसाला असे देऊ नका.

शाहूपुरीकर
भावाने पाठवला. IMG_4127.HEIC, 2.1 MB. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही! आता काय?

यवतेश्वरघाट
नाव बदलून .jpg कर.

डार्करूम_कराड
नाव बदलून आतला माल बदलत नाही. भावाचा आयफोन दिसतोय. त्याला फोटो Save to Files करायला सांगा. मग Files मध्ये फोटोवर बोट दाबून धरायचं, Quick Actions, Convert Image, JPEG. आकार विचारेल तेव्हा लहान करायचा नाही, मूळचाच ठेवायचा. मग ती फाईल परत Document म्हणून.

शाहूपुरीकर
आला! 3.4 MB, 4032 × 3024. पाटीवरचं "सातारा – महाबळेश्वर" स्वच्छ वाचता येतंय, अण्णांच्या खिशावरचा बिल्लासुद्धा. पण स्टुडिओवाला आता म्हणतो १२ बाय १८ साठी वर-खाली कापावं लागेल. वरनं कापलं की हाराचा वरचा भाग जातो, खालनं कापलं की अण्णांचे बूट.

डार्करूम_कराड
मोबाईलचा फोटो चारास तीन, तुमची फ्रेम तिनास दोन. १२ बाय १६ करा, काहीच कापावं लागणार नाही.

शाहूपुरीकर
फ्रेम आणून ठेवलीय हो १२ बाय १८ ची.

फ्लेक्सवाला_वाई
बाजूला पांढरी पट्टी सोडायची, त्यात नाव आणि सेवेची वर्षं टाकायची. मी करून देतो, वाईला या.

डार्करूम_कराड
पट्टीची कल्पना चांगली आहे. पण वाईला कशाला, तुमचा स्टुडिओवालाच करेल.

निवृत्त_मास्तर
माझ्या सुप्रभातचं कुणी सांगेल का?