बाहेरच्या भिंतीसाठी दगड निवडताना: ग्रॅनाइट, वालुकाश्म की संगमरवर?

ओसरी (धागाकर्ती)
नमस्कार. आमच्या दुमजली घराच्या दर्शनी भिंतीवर बाहेरून ३० मिलिमीटर जाडीच्या दगडी फरश्या बसवायच्या आहेत. खाली दगडी जोते आणि चार पायऱ्या आहेत. तीन नमुने हाती आले असून प्रत्येकाबरोबर खाणीकडचा चाचणी-अहवाल आहे. ग्रॅनाइटचे जलशोषण ०.२ टक्के आणि दाबाखालील ताकद १५० मेगापास्कल, संगमरवराचे ०.१ टक्के आणि ८० मेगापास्कल, तर वालुकाश्माचे ४.५ टक्के आणि ५५ मेगापास्कल, असे आकडे त्यांत दिले आहेत.

या आकड्यांनुसार संगमरवर दोन्ही बाबतींत वालुकाश्मापेक्षा सरस ठरतो. तरीही आमच्या पाथरवटांचे ठाम म्हणणे आहे की, संगमरवर आत वापरावा आणि बाहेर वालुकाश्म चालेल. आकडे एक सांगतात आणि अनुभवी माणूस दुसरेच सांगतो, तेव्हा नेमके काय मानावे? खिडक्यांच्या वर संगमरवराचा एक पांढरा पट्टा घ्यावा अशीही आमची इच्छा आहे.

नितळ
माझ्या मते उत्तर सरळ आहे. दगडाचे नुकसान पाण्यामुळे होते, त्यामुळे जो पाणी कमी शोषतो तो जास्त टिकतो. तुमच्याच अहवालात संगमरवराचा आकडा सर्वांत कमी आहे. वालुकाश्म पंचेचाळीस पट पाणी पितो, तो बाहेर लावणे मला धाडसाचे वाटते. लावायचाच असेल तर वरून चांगला सीलर मारून घ्या.

छिन्नी
मी गेली अनेक वर्षे दगडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी ताकदीची काळजी मिटवू. सात मीटर उंचीची वालुकाश्माची भिंत धरली, तर सर्वांत खालच्या दगडावर तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब साधारण ०.१६ मेगापास्कल इतकाच येतो. मजले आणि छप्पर यांचा भार मिळवून तो तिप्पट झाला असे समजा, तरी अर्ध्या मेगापास्कलच्या आसपासच राहतो. तुमच्या वालुकाश्माची ताकद ५५ आहे. म्हणजे दबून चिरडण्याच्या भीतीने यांपैकी कोणताही दगड बाद होत नाही, आणि १५० व ८० यांतला फरक तुमच्या भिंतीला कधी कळणारही नाही.

पातळ फरशीला वाकवणारा जोर सोसावा लागतो, आणि तो सोसण्याची क्षमता जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्याच दगडाची २० ऐवजी ३० मिलिमीटरची फरशी घेतली, तर ती सव्वादोन पट जोर सोसते. म्हणून अहवालात वाकवून घेतलेल्या चाचणीचा आकडा आहे का ते पाहा आणि अडकवण्यासाठी जिथे भोक किंवा खाच पाडणार तिथल्या कडेकडे लक्ष द्या. फरशी बहुधा तिथूनच तुटते.

आता संगमरवराबद्दल. जलशोषणाचा आकडा दगडात रिकामी जागा किती आहे ते सांगतो. दगड कशाचा बनला आहे, हे तो सांगत नाही. संगमरवर कॅल्साइटच्या कणांचा बनलेला असतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असल्याने स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आम्ल असतो आणि कॅल्साइट त्यात थोडे थोडे विरघळते. त्यासाठी पाणी आत शिरावे लागत नाही, पृष्ठभागावरून वाहिले तरी पुरते. बाहेर लावलेल्या संगमरवराची झिलई काही पावसाळ्यांत जाते आणि बोट फिरवले की साखरेसारखे कण हाताला लागतात, ते याचमुळे.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. कॅल्साइटचा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि तिला काटकोनातल्या दिशांनी किंचित आकसतो. शेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असल्याने रोजच्या तापण्या-निवण्यात त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. ओल असेल तर हे आणखी लवकर घडते आणि पातळ फरशी हळूहळू बशीसारखी वाकते. शिकागोतल्या एका उंच मनोऱ्यावर १९७०च्या दशकात इटलीतल्या करारा या गावच्या संगमरवराच्या पातळ फरश्या लावल्या होत्या. त्या वाकून कमकुवत झाल्या आणि १९९०च्या सुमारास सगळ्या काढून तिथे ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकीतल्या फिनलँडिया सभागृहावरचा संगमरवरही असाच वाकला. तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस बदलला, पण पुन्हा कराराचाच घेतला, आणि तोही वाकला. नितळ यांच्या नियमाने चालले असते, तर या दोन्ही ठिकाणी निवड अचूक म्हणावी लागली असती.

रांधणी
मध्येच विचारते. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा संगमरवर लिंबाचा रस सांडला की पांढुरका होतो. दुकानदाराने सीलर लावून दिला होता, तरी डाग पडतातच. जलशोषण जास्त असलेला दगड आमच्या गळ्यात मारला असे समजावे का?

छिन्नी
नाही. तेलाचा किंवा हळदीचा डाग दगडात मुरतो. तुमचा डाग मुरलेला नाही, रसाने वरची झिलई खाल्ली आहे. सीलर छिद्रे बुजवतो, पण कॅल्साइटचे रूपांतर दुसऱ्या कशात करत नाही. तिथला थर पुन्हा घासून झिलई करणे हाच उपाय आहे. धाग्याच्या मूळ प्रश्नाचा हा फारच चांगला नमुना आहे. तुमच्या ओट्यावर क्षणात घडते तेच बाहेरच्या भिंतीवर वर्षानुवर्षे घडते.

ओसरी
मनःपूर्वक आभार. संगमरवराचे कळले. पण वालुकाश्माच्या ४.५ टक्क्यांची भीती वाटतेच. ती रास्त आहे का?

छिन्नी
काही अंशी रास्त आहे. वालुकाश्मातले वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात आणि त्यांना पावसाने फारसे काही होत नाही. प्रश्न असतो तो त्यांना धरून ठेवणाऱ्या सांध्याचा. तो सिलिकाचा असेल तर दगड पिढ्यानपिढ्या टिकतो. चुनखडीचा असेल तर त्याची गत संगमरवरासारखी होते. मातीचा असेल तर ओला झाल्यावर तो फुगतो आणि दगड थराथराने सुटतो.

यासाठी घरी करता येण्याजोगे काही आहे. नमुन्याच्या ताज्या तुटलेल्या बाजूवर पातळ केलेल्या आम्लाचा थेंब टाका. जोरात फेस आला तर सांधा चुनखडीचा आहे. मग एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पाणी गढूळ झाले आहे का आणि कडा बोटाने चुरतात का ते पाहा. शेवटी प्रयोगशाळेकडून ओल्या दगडाची ताकद मागा. अहवालातला ५५ हा आकडा जवळजवळ नक्कीच कोरड्या दगडाचा असणार.

बसवताना खाणीत दगड जसा आडवा पडलेला असतो, तसेच त्याचे थर भिंतीतही आडवे राहतील असे पाहावे. थर भिंतीच्या तोंडाला समांतर उभे राहिले, तर पत्त्यांच्या जुडीतून पाने निसटावीत तसे पापुद्रे सुटतात. पातळ फरशीत ही अडचण असते, कारण फरशी थरालगतच कापलेली असते. म्हणून क्लॅडिंगसाठी ज्यात थर उघड दिसत नाहीत असा एकजीव वालुकाश्म शोधावा लागतो.

जुना वाडा
माझा अनुभव सांगतो. आमच्या जुन्या घराची भिंत वालुकाश्माची आणि चुन्यात बांधलेली होती. दरजा झिजल्या म्हणून आम्ही त्या कडक सिमेंटच्या मसाल्याने भरून घेतल्या. काही वर्षांतच दरजा जशाच्या तशा उभ्या राहिल्या आणि मधला दगड मात्र खोलगट झाला. भिंतीतली ओल पूर्वी दरजांतून बाहेर पडत असे, ती आता दगडातून पडू लागली. तिच्याबरोबर आलेला खार पृष्ठभागाशी साचून लोणा लागला. दगड तोच होता, बिघडवला आम्ही. सीलरचा सल्ला वाचला तेव्हा म्हणूनच लिहावेसे वाटले.

नितळ
संगमरवराबाबत मी चुकलो, हे मान्य. पण सीलरबाबत मी माझ्या मतावर आहे. मी पृष्ठभागावर बसणाऱ्या चकचकीत थराविषयी बोलत नाही. आत मुरणारी, छिद्रे न बुजवता पाणी झटकणारी द्रव्ये मिळतात आणि त्यांतून वाफ बाहेर पडू शकते.

छिन्नी
वाफ पडते, पण क्षार वाफेबरोबर जात नाहीत. भिंतीत मागून ओल येत असेल, तर पाणी त्या मुरलेल्या थराच्या मागेच वाळते आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. मग पुढचा सबंध पापुद्रा सुटतो. मागून ओल अजिबात नसेल, तर ही द्रव्ये उपयोगी पडल्याचेही मी पाहिले आहे.

ओसरी
तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. वालुकाश्माचा नमुना वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलला, तो १२४० ग्रॅम भरला. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर १२९६ ग्रॅम झाला, म्हणजे शोषण साडेचार टक्केच, अहवालाप्रमाणे. आम्लाने फेस आला नाही. पण बादलीतले पाणी सकाळी चहाच्या रंगाचे झाले होते आणि तळाशी गाळ होता. प्रयोगशाळेने ओल्या दगडाची ताकद ३४ मेगापास्कल दिली.

छिन्नी
५५चे ३४, म्हणजे भिजल्यावर सुमारे ३८ टक्के ताकद गेली. भार सोसायला ३४ही भरपूर आहेत, पण एवढी घट आणि तो गाळ मिळून सांध्यात माती असल्याचेच सांगतात. हा दगड मी बाहेर लावणार नाही. याच खाणीतला दुसरा थर किंवा दुसरी खाण पाहा. शोषण चार टक्के निघाले तरी चालेल, पण भिजवलेले पाणी नितळ राहिले पाहिजे.

जोते आणि पायऱ्या ग्रॅनाइटच्या करा. जमिनीवरून उडणारे पावसाचे शिंतोडे साधारण अर्ध्या मीटरपर्यंत पोहोचतात आणि सर्वांत जास्त ओल व खार त्याच पट्ट्यात असतो. पायरीला झिलई नको, ज्वालेने खडबडीत केलेला पृष्ठभाग घ्या. ग्रॅनाइटही डोळे झाकून घेऊ नका. हातोडीने वाजवल्यावर खणखणीत नाद आला पाहिजे. नाद बद्द आला किंवा पाण्याचा थेंब ठेवल्यावर काही मिनिटांतच खाली गडद डाग पसरला, तर त्यातले फेल्डस्पार मातीत बदलू लागले आहे असे समजा.

खिडकीवरच्या पांढऱ्या पट्ट्याचा मात्र फेरविचार करावा. संगमरवरावरून ओघळणारे पाणी विरघळलेले कॅल्शियम घेऊन खालच्या वालुकाश्मात मुरते. हवेत गंधकाचा धूर असेल, तर त्याचे जिप्सम होऊन तो दगड फुटतो. चुनखडीच्या पट्ट्याखाली नेमका तेवढाच वालुकाश्म सोललेला मी एकाहून अधिक इमारतींवर पाहिला आहे.

ओसरी
पट्टा रद्द केला, संगमरवर आतल्या जिन्याला वापरू. दुसऱ्या खाणीचे दोन तुकडे कालपासून बादलीत आहेत. एकाचे पाणी अजून स्वच्छ आहे. पाणी झटकणाऱ्या द्रव्याबाबत घरात एकमत नाही, त्यामुळे निवडलेल्या दगडाच्या दोन फरश्या, एक लावलेली आणि एक तशीच, या पावसाळ्यात परसातल्या भिंतीवर ठेवणार आहोत.

जुना वाडा
त्या फरश्यांची मागची बाजूही ओली राहील अशा ठेवा. कोरड्या भिंतीवर दोन्ही सारख्याच छान दिसतील.