मदत हवी आहे: वयोगटनिहाय जननदरांची बेरीज आणि पाचचा गुणाकार

खानापूरच्या आमच्या अभ्यासवर्गात सरावासाठी १५-१९ ते ४५-४९ या सात वयोगटांचे दर हजार स्त्रियांमागील जननदर अनुक्रमे २०, १५०, १४०, ६०, २०, ८ आणि २ असे दिले होते. बेरीज ४०० आली. प्रत्येक स्त्री एका गटात पाच वर्षे राहते, म्हणून पाचने गुणून व हजाराने भागून एकूण जननदर २.० मिळाला, गुणाकार विसरल्याने आधी ०.४ आला होता, तेव्हाच शंका आली.

मात्र त्याच उदाहरणातील सर्व जन्मांना १५ ते ४९ वयाच्या सर्व स्त्रियांनी भागल्यास हजारी ६६ येतात, आणि त्यांना ३५ वर्षांनी गुणल्यास २.३१. विशीतील स्त्रियांची संख्या जास्त असल्यामुळेच हा फरक पडतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.