शब्दचर्चा: ‘मुळाबरहुकूम’ भाषांतर आणि विद्यार्थ्याची चूक

राजारामपुरीची विज्ञानशिक्षिका: निपाणीकडून आमच्याकडे आलेल्या एका मुलाने चाचणीत एका प्रश्नाचं उत्तर कन्नडमध्ये लिहिलंय. मला कन्नड वाचता येत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी मराठी करून दिलं, ते इतकं स्वच्छ निघालं की पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पोराचा वर्गातला अंदाज बघता मला ते खरं वाटत नाही. मला चुकांसकट भाषांतर हवंय. अशा भाषांतराला काय म्हणतात? ‘शब्दशः’ म्हणून मागितलं तर चालेल का? प्रश्न असा होता: पाणी उकळत असताना उष्णता देत राहिलो तरी तापमान का वाढत नाही?

उत्तरेश्वरचा मोडीवाचक: आमच्याकडे याला ‘मुळाबरहुकूम’ म्हणतात. जुन्या दस्ताची बाळबोधी करताना मूळ लेखकाने गावाचं नाव चुकवलं असेल तर तसंच ठेवायचं आणि पुढे कंसात ‘मुळात असेच’ लिहायचं. कागद फाटला असेल तर ‘फाटले’, लागलं नाही तर ‘अवाच्य’. अक्षर न् अक्षर उतरवलं की झालं, ताई. त्यात अवघड काय?

सीमाभागातला अनुवादक: काका, तुमचं काम लिप्यंतराचं. भाषा तीच राहते, म्हणून चूकही आपोआप तशीच उतरते. इथे भाषाच बदलते. ‘मुळाबरहुकूम’ हा शब्द मात्र घ्यावा, ‘शब्दशः’ नको. कन्नड आणि मराठीची वाक्यरचना इतकी जवळची आहे की शब्दाला शब्द लावूनही चूक गुपचूप दुरुस्त होऊ शकते. बाई, तुमच्या गृहस्थांच्या हातून तेच झालं असावं. मूळ ओळी पाठवता का?

विज्ञानशिक्षिका: फोटो पाठवलाय. इथे बाकीच्यांसाठी कुणीतरी देवनागरीत उतरवा.

अनुवादक: मुलाच्या ओळी आहेत तशाच ठेवतो:

१. नीरु १०० डिग्रीगे कुदियुत्तदे.
२. आमेले शाक कोट्टरू अदु हेच्चागुवुदिल्ल.
३. याकंदरे ~~शाख~~ उष्णांश आवियागि होगुत्तदे.

शाख म्हणजे उष्णता (फांदीशी संबंध नाही!), उष्णांश म्हणजे तापमान. घोटाळा इथूनच सुरू होतो. मराठी कानाला ‘उष्णांश’ हा उष्णतेचाच भाऊ वाटतो, त्यामुळे घाईत ‘उष्णता’ लिहिलं जातं. मग तिसरी ओळ ‘कारण उष्णता वाफ होऊन जाते’ अशी होते. ते जवळजवळ बरोबर उत्तर आहे. मुलाने लिहिलंय ‘तापमान वाफ होऊन जाते’.

विज्ञानशिक्षिका: आणि ते साफ चूक आहे. तापमान कुठे जात नाही, ते तिथेच थांबतं. दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, ग्रॅममागे ५४० कॅलरी. उष्णता आणि तापमान यांतला फरक कळलाय का, हेच बघायला तो प्रश्न घातला होता.

गडहिंग्लजचा पालक: पण पोराला म्हणायचं होतं तेच की. दोन शब्दांची अदलाबदल झाली एवढंच. माझ्या मुलीलाही एका परीक्षेत ‘वेग’ आणि ‘चाल’ वरून गुण कापले होते, मी तेव्हाही भांडलो होतो.

अनुवादक: काय म्हणायचं होतं ते बाई ठरवतील, मी नाही. आता दुसरी ओळ बघा, ती जास्त अवघड आहे. ‘अदु’ म्हणजे ‘ते’. कन्नडमध्ये शाख आणि उष्णांश दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून ‘अदु’ कुणालाही लागू पडतं. मराठीत तापमान ‘ते’ आणि उष्णता ‘ती’. मी ‘ते वाढत नाही’ लिहिलं की मुलाचं उत्तर बरोबर ठरतं, ‘ती वाढत नाही’ लिहिलं की चूक. मुलाने दोन्हीपैकी काहीच ठरवलेलं नाही आणि मी एका अक्षराने निकाल लावून बसतो. सुदैवाने ‘वाढत नाही’ या क्रियापदाला लिंग लागत नाही. म्हणून सर्वनाम गाळायचं आणि टीप द्यायची.

मोडीवाचक: हे मात्र आमच्याकडे कधी पडत नाही.

पालक: बरं, मग ‘शाक’चं काय? ते अशुद्ध आहे ना, ‘शाख’ हवं. चुका दिसायला हव्यात म्हणता, तर मराठीतही ‘उषणता’ असं मुद्दाम अशुद्ध लिहा.

अनुवादक: अर्धं बरोबर आहे तुमचं, चूक नोंदली जायलाच हवी. पण ‘उषणता’ ही चूक मुलाने केलेलीच नाही, ती मी रचलेली होईल. त्याच्या हातून महाप्राण सुटलाय, ख चा क झालाय. ‘उषणता’ वाचून बाईंना वाटेल की त्याला जोडाक्षर येत नाही, किंवा माझंच टंकन चुकलंय. शुद्धलेखनाची चूक भाषांतरात वठवायची नसते, टिपेत सांगायची. विज्ञानाच्या पेपरात तिला गुण नसतील तर एक ओळ पुरे. भाषेच्या पेपरात मात्र कन्नड जाणणारा परीक्षकच लागेल, भाषांतरावर गुण देताच येणार नाहीत.

मी असं देईन. चौकटी कंसातलं सगळं माझं, बाहेरचं सगळं मुलाचं:

१. पाणी १०० डिग्रीला उकळते.
२. त्यानंतर उष्णता [अ] दिली तरी [आ] वाढत नाही.
३. कारण ~~उष्णता~~ तापमान [इ] वाफ होऊन जाते.

[अ] मुळात ‘शाक’, ‘शाख’ धरले.
[आ] मुळात ‘अदु’. उष्णता की तापमान, हे वाक्यातून ठरत नाही.
[इ] मुळात असेच. आधी ‘शाख’ लिहून खोडले, पुढे ‘उष्णांश’ लिहिले.

टिपेत ‘चूक’ हा शब्द कुठेच नाही, ते मुद्दाम. आणि कोल्हापुरात पाणी १०० च्या थोडं आधीच उकळतं, पण तेही मी तिथे सांगायचं नाही.

आधी कन्नड मजकूर ओळ क्रमांकासह उतरवून घ्यायचा, फोटोशी दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्यायचा, मगच मराठीला हात लावायचा. फोटोवरून थेट मराठी केलं की डोळ्याला अपेक्षित शब्दच दिसतो. आणि प्रश्नाचं आदर्श उत्तर भाषांतर संपेपर्यंत बघायचं नाही.

विज्ञानशिक्षिका: परिभाषेसाठी काय वापरलंत? बालभारतीची कन्नड पुस्तकं मिळतात, तेच पान मराठी पुस्तकाशेजारी ठेवलं तर?

अनुवादक: महाराष्ट्र बोर्डाच्या कन्नड माध्यमातला मुलगा असेल तर त्याहून चांगला कोश नाही. निपाणीचा मुलगा कर्नाटकच्या पुस्तकांवर शिकलेला असेल, तिथे काही संज्ञा वेगळ्या असतात. त्याचं जुनं पुस्तक मागवा. नाहीतर त्याच्या पुस्तकातली बरोबर संज्ञा आपण चूक म्हणून नोंदवू.

पालक: एक सांगा, ते खोडलेलं ‘शाख’ दाखवून तुम्ही पोराचं नुकसान करताय की फायदा? खोडलेलं तपासायचं नसतं.

मोडीवाचक: आम्ही दाखवतोच. दस्तात खोडलेली रक्कम लपवली तर भाऊबंदकी पेटेल.

अनुवादक: निदानासाठी दाखवावं. बरोबर शब्द हातात असून तो सुटला, हे बाईंना शिकवताना उपयोगी पडेल. निव्वळ गुण द्यायचे असतील तर खोडलेलं वगळलेली दुसरी प्रत द्यावी, असं माझं मत.

विज्ञानशिक्षिका: मला ते पटत नाही. दोन प्रती झाल्या की कुठली वाचून गुण दिले, यावरच वाद होईल. मी एकच प्रत घेणार, खोडलेल्यासकट. आणि [आ] साठी मुलालाच तोंडी विचारणार, ‘अदु’ म्हणजे काय ते.

अनुवादक: विचारा, पण कन्नडमध्ये विचारा आणि ‘अदु अंदरे एनु?’ एवढंच. ‘तापमान म्हणायचं होतं ना?’ असं विचारलंत तर तो हो म्हणेल.