खातं लॉक झालं म्हणून गिफ्ट कार्डाचे पैसे कंपनीचे होतात का?

निफाडची_वर्षा: एका ऑनलाइन दुकानाने 'संशयास्पद हालचाल' असं कारण देऊन माझं खातं गेल्या महिन्यात लॉक केलं. आत १३,५८० रुपये अडकलेत. त्यात ऑफिसने दिवाळीला दिलेली ५,००० ची दोन गिफ्ट कार्डं, परत केलेल्या मिक्सरचे ३,१८० आणि कुठल्याशा ऑफरचे ४०० आहेत. कस्टमर केअर म्हणतं की निर्णय अंतिम आहे, शिल्लक मिळणार नाही. असं करता येतं का त्यांना? आणि मी सुरुवात कुठून करू?

सडाफटिंग: स्पष्ट सांगतो, राग मानू नका. खातं उघडताना आपण अटी मान्य करतो आणि त्यात 'कधीही, कारण न देता खातं बंद करू' असं लिहिलेलं असतंच. गिफ्ट कार्ड म्हणजे रोख पैसे नव्हेत. तेरा हजारांसाठी वर्षभर मेलामेली करण्यापेक्षा विषय सोडा आणि पुढच्या वेळी कार्ड आलं की आठवड्यात खर्च करून टाका.

अक्षता_ठाणे: सोडू नका. गिफ्ट कार्डं जारी करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी बरीच वर्षं होते, त्यामुळे हे आतून पाहिलंय. स्क्रीनवर १३,५८० असा एकच आकडा दिसत असला तरी ते तीन वेगवेगळे पैसे आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. सगळी रक्कम एकाच मेलमध्ये मागितली की उत्तरही एकच येतं, 'निर्णय अंतिम आहे'.

मिक्सरचे ३,१८० आधी मागा, कारण ते सगळ्यात सोपे आहेत. ती तुमच्या खरेदीची परतफेड आहे. माल परत घेतला, परतावा मंजूर केला, म्हणजे तेवढं देणं दुकानाने कबूल केलंय. मूळ पैसे यूपीआयने किंवा कार्डाने भरले असतील तर परतावा त्याच मार्गाने यायला हवा. तुम्ही स्वतः संमती दिली असेल तरच तो दुसरीकडे जमा करता येतो. म्हणून ऑर्डर क्रमांक, परत नेल्याची पावती आणि पैसे भरल्याचा बँकेतला उतारा जोडून एवढंच लिहा: 'हा परतावा मूळ खात्यात पाठवा.' खातं उघडायचा विषय त्या मेलमध्ये काढूच नका.

गिफ्ट कार्डांच्या बाबतीत आधी कार्डाच्या मागे किंवा त्याच्या मेलमध्ये तळाशी जारीकर्ता कोण आहे ते बघा. पुष्कळदा दुकानाचं नाव मोठं छापलेलं असतं, पण कार्ड काढणारी कंपनी वेगळी असते आणि तिच्याकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी असते. तसं असेल तर तिला रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे प्रीपेड साधनांचे निर्देश लागू होतात. मग जारीकर्त्याच्या साइटवर कार्ड क्रमांक आणि पिन टाकून शिल्लक तपासा. ५,००० दिसले तर कार्ड अजून कोरं आहे आणि लॉकचा त्याच्याशी संबंध नाही. शून्य दिसलं तर रक्कम दुकानातल्या खात्यावर चढली आहे, आणि तेव्हा दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

ऑफरचे ४०० विसरा. त्यासाठी कोणी पैसे भरलेले नाहीत, आणि ते मागणीत घातले की उरलेल्या मागणीलाही लोक हलक्यात घेतात.

रानवाटा: माझ्याकडे एका कपड्यांच्या दुकानाचं २,००० चं कार्ड आहे, मुदत संपून चार महिने झाले. म्हणजे मलाही हीच तक्रार करता येईल का? दुकानदार म्हणतो तारीख गेली, आता काही नाही.

अक्षता_ठाणे: रानवाटा, तुमचं प्रकरण लॉकचं नाही, मुदतीचं आहे. जारीकर्ता परवानाधारक असेल तर त्याला लेखी विनंती करून मुदत वाढवून किंवा नवीन कार्ड मागा, निर्देशांत तशी तरतूद आहे. मुदत संपल्यावर निदान तीन वर्षं ती शिल्लक त्याला स्वतःच्या नफ्यात घेता येत नाही. दुकानाने स्वतःच काढलेलं, फक्त त्याच दुकानात चालणारं कार्ड असेल तर मात्र हे निर्देश लागू होत नाहीत. मग ग्राहक कायद्याकडेच जावं लागेल.

अ‍ॅड_मित्र: एवढ्या मेलांची गरजच काय? ज्या कार्डाने गिफ्ट कार्डं घेतली त्या बँकेत चार्जबॅक टाका, म्हणजे व्यवहारावर हरकत घेऊन बँकेमार्फत पैसे परत मागा. आणि जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली 'अन्याय्य करार' म्हणून तक्रार ठोका. एकतर्फी करार रद्द करण्याची अट त्या व्याख्येत स्पष्ट आहे. कंपनी हात जोडत येईल.

अक्षता_ठाणे: व्याख्येबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, अन्याय्य कराराचा दावा राज्य आयोगापुढे जातो. जिल्ह्यात 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडा, तेवढं पुरतं. वर्षाताई जिथे राहतात त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकला, तक्रार करता येते. व्यवहाराची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

चार्जबॅकला मात्र माझा ठाम विरोध. कार्डं ऑफिसने घेतली आहेत, पैसे वर्षाताईंनी भरलेलेच नाहीत, मग त्या कुठल्या बँकेकडे जाणार? स्वतः घेतलेल्या कार्डावरही चार्जबॅक टाकला की दुकानाची यंत्रणा त्याला फसवणुकीची खूण मानते. जे खातं कागदपत्रं बघून उघडलं असतं ते कायमचं बंद होतं. चार्जबॅक अगदी शेवटी, तोही खातं नको असेल तरच.

गाळा_नंबर_१२: मी ऑनलाइन विकतो, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. चोरीच्या क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्डं घेतात, ती स्वस्तात विकतात, घेणारा एका संध्याकाळी चार-पाच कार्डं खात्यावर चढवतो आणि लगेच मोबाइल मागवतो. महिन्या-दीड महिन्याने खरा कार्डधारक तक्रार करतो आणि पैसे परत ओढले जातात. माल तर गेलेला असतो. म्हणून नवीन फोनवरून लॉगिन, त्याच दिवशी पत्ता बदललेला आणि लागोपाठ दोन कार्डं असं दिसलं की खातं थांबतं. कंपन्या हे हौसेने करत नाहीत. ग्राहक प्रामाणिक आहे हे यंत्रणेला दिसत नाही, आणि 'माझे पैसे द्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाला दिले तर चोरांचंच फावेल.

निफाडची_वर्षा: बाप रे, मी नेमकं हेच केलं होतं. नवीन फोन घेतला, नाशिकचा पत्ता काढून निफाडचा टाकला आणि दोन्ही कार्डं त्याच रात्री भरली.

अक्षता_ठाणे: मग लॉक का लागला ते कळलं, आणि पुरावा कशाचा द्यायचा तेही कळलं. ऑफिसच्या एचआरकडून त्या कार्डांच्या घाऊक खरेदीचं बिल आणि तुम्हाला कार्ड पाठवल्याचा मेल मागा. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असतो आणि त्या ऑर्डरमधली कार्डं जारीकर्त्याला सापडतात. कार्ड चोरीच्या पैशांचं नाही, हे इतक्या ठोसपणे दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही. बिलाची प्रत पाठवताना कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवा, पिन कुणालाही देऊ नका. आणि कस्टमर केअरचा नंबर वेबवर शोधून फोन करू नका, अडकलेल्या माणसांसाठीच खोटे नंबर पेरलेले असतात.

गाळा_नंबर_१२, खातं थांबवण्याला माझी हरकत नाही. चौकशी होईपर्यंत रक्कम गोठवणं योग्यच आहे. पण चौकशीनंतर दोनच शक्यता उरतात. कार्ड चोरीच्या पैशांचं निघालं तर रक्कम ज्याची चोरली त्याला जायला हवी. चोरीचं नसेल तर ती धारकाची. दुकानाने ती स्वतःकडे ठेवावी असा तिसरा पर्याय यात येतोच कुठे?

सडाफटिंग: तत्त्व पटलं. पण त्यांनी उत्तरच दिलं नाही तर? आणि दिलेच तर बँकेत देतील का?

अक्षता_ठाणे: बँकेत देतीलच असं नाही, हे आधीच सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे गिफ्ट कार्डाची रोख रक्कम काढता येत नाही. धारकाच्या संमतीने ती फक्त जिथून भरली त्या खात्यात परत जाऊ शकते. इथे ते खातं ऑफिसचं. म्हणून मागणी अशी ठेवा: खातं उघडत नसाल तर तेवढ्याच रकमेचं नवीन कार्ड द्या, नाहीतर ऑफिसच्या खात्यात परत करा, ऑफिस मला देईल. एचआरला याची कल्पना आधीच देऊन ठेवा.

उत्तर नाही आलं तर साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्यालाच लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यायला हवा. जारीकर्त्यालाही त्याच दिवशी वेगळा मेल करा. त्याने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा मागणी नाकारली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. दुकानाविरुद्ध १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा. हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्यस्थी करते. पण त्यामुळे प्रकरण कस्टमर केअरच्या हातातून निघून वरच्या माणसाकडे जातं, आणि अशा रकमांसाठी पुष्कळदा तेवढं पुरतं.

गाळा_नंबर_१२: गिफ्ट कार्डाचं मान्य. परताव्याचं मात्र सरसकट मान्य नाही. वापरलेला माल परत करून स्टोअर क्रेडिट गोळा करणारी गिऱ्हाइकं असतात. गोदामात खोकं उघडल्यावर आत जुनी वस्तू निघाली तर ते क्रेडिट आम्ही का द्यावं?

अक्षता_ठाणे: फोटोसह तसं लेखी कळवून त्या एका परताव्यावर वाद घाला ना. पण एका खोक्याच्या संशयावर बाकीच्या सगळ्या शिलकीला कुलूप का?

गाळा_नंबर_१२: एकदा फसवलेल्या गिऱ्हाइकाचं बाकीचं प्रामाणिक आहे हे मी कसं धरू? इथे आपलं जुळणार नाही.

निफाडची_वर्षा: थोडी प्रगती कळवते. मिक्सरचा वेगळा मेल केला, ३,१८० मूळ यूपीआय खात्यात पाठवतो असं उत्तर आलं, पण बँकेत अजून काही दिसत नाही. कार्डांची शिल्लक जारीकर्त्याकडे शून्य दाखवते. एचआरने बिल दिलं. ते दोघांनाही पाठवलं, फक्त जारीकर्त्याकडून तक्रार क्रमांक आला.

अक्षता_ठाणे: परताव्याचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक मागा आणि तो घेऊन बँकेत विचारा. 'पाठवला' एवढ्यावर थांबू नका. जारीकर्त्याला उलट लिहा की शून्य झालेली रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यावर चढली ते लेखी द्या. ते उत्तर हातात आलं की दुकानाला 'आमच्याकडे रक्कम नाही' म्हणता येणार नाही.

अ‍ॅड_मित्र: राज्य आयोगाचा मुद्दा तपासला, अक्षताताईंचं बरोबर आहे. चार्जबॅकबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. स्वतःच्या कार्डाने घेतलं असेल आणि खातं नकोच असेल तर बँकेची मुदत उलटेपर्यंत मेलची वाट बघत बसणंही धोक्याचंच.

अक्षता_ठाणे: म्हणून बँकेला पहिल्याच आठवड्यात विचारून मुदतीची तारीख लिहून घ्यावी आणि तोपर्यंत मेल करत राहावं. त्या तारखेच्या आत काही हलत नसेल, तर टाका चार्जबॅक.