शब्दचर्चा : ध्वनिनाट्याच्या सूचनेत ‘हळू’ लिहावं का?

गिरगावकर
एका ध्वनिनाट्याची संहिता लिहितोय. उजवीकडच्या रकान्यात कलाकारासाठी सूचना असतात. एका वाक्यापुढे ‘हळू, दुःखी’ असं होतं. अंधेरीच्या स्टुडिओत कलाकार ताईंनी ते दबक्या आवाजात, नेहमीच्या वेगाने म्हटलं. दिग्दर्शकाला हवं होतं भरल्या आवाजात, पण संथ. दोघांचंही बरोबरच! मग अशा ठिकाणी कोणता शब्द वापरावा?

मराठीप्रेमी_ठाणे
सोपं आहे. वेगासाठी ‘सावकाश’, आवाजासाठी ‘हळू’. विषय संपला.

माइकमागे
संपला नाही. ‘हळू चाल’ म्हटलं की वेग कळतो, ‘हळू आवाजात’ म्हटलं की आवाज कळतो, पण ‘हळू बोल’मध्ये दोन्ही अर्थ निघतात. म्हणून सूचनेत मी तो शब्द वापरतच नाही. आणि ‘सावकाश’मध्ये निवांतपणा येतो. ‘सावकाश जेव’ म्हणतो तसा. तो भांडणाच्या प्रसंगात नको असतो. वेगासाठी ‘संथ’ बरा. आवाज कमी हवा असेल तर ‘दबक्या आवाजात’ किंवा ‘कुजबुजत’. हे दोनही वेगळे: दबक्या आवाजात कंठ असतो, कुजबुजीत फक्त श्वास.

आजोळ
माझी भाची दूरचित्रवाणीवर गाते, तिला गुरुजी नेहमी ‘पट्टी खाली घे’ सांगतात. तेच लिहा ना.

माइकमागे
पट्टी म्हणजे सुराची उंची. ती खाली घेऊनही माणूस मोठ्याने आणि भराभर बोलू शकतो. हा तिसराच प्रश्न आहे.
गिरगावकर, वाक्य काय होतं ते टाका. वाक्याशिवाय सूचनेवर बोलण्यात अर्थ नाही.

गिरगावकर
चाळीतली खोली. भांडण झाल्यावर बहीण घर सोडून निघालीय: ‘दादा, चावी फळीवर ठेवलीय. जेवण झाकून ठेवलंय, गार व्हायच्या आत खा.’

माइकमागे
‘दुःखी’ काढून टाका. तो शब्द वाचला की पहिल्या अक्षरापासून गळा भरून येतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. ऐकणाऱ्यासाठी काही उरत नाही. त्याऐवजी तिला काय हवंय आणि ती काय लपवतेय ते लिहा. मी असं लिहीन:

‘भांडण तासाभरापूर्वी झालंय. दादाने थांबवावं असं वाटतंय, पण तोंडाने म्हणायचं नाही. दादा आतल्या खोलीत, पार्टिशनच्या पलीकडे. पहिलं वाक्य रोजच्यासारखं. “ठेवलीय”नंतर थांबा: त्याच्या उत्तराची वाट. उत्तर येत नाही. मग दुसरं वाक्य संथ, “खा” मात्र तोडू नका.’

दादा पार्टिशनपलीकडे आहे म्हटलं की आवाज किती लागेल हे कलाकार स्वतःच ठरवते. ओरडणार नाही, पण कुजबुजणारही नाही. ‘हळू’ची गरजच पडली नाही, बघा. तिथे कुजबुज झालीच असती तर नंतर मुद्रणाचा आवाज वाढवताना खोलीचा गुरगुराटही चढला असता, आणि माइकजवळ बोललेल्या ‘फ’, ‘भ’चे फटकारे वेगळेच.

मराठीप्रेमी_ठाणे
एवढं प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं? दिवसात दोन पानं होतील.

माइकमागे
प्रत्येकापुढे नाही. जिथे मनात काही बदलतं तिथेच. बाकी वाक्यांना रकाना रिकामा ठेवलेला बरा. आणि एका टेकला एकच बदल सांगा. ‘संथ, जरा वर, आणि हसू नको’ असं एकदम सांगितलं की तिन्ही अर्धवट होतात.

डबिंग_गल्ली
हे ध्वनिनाट्यात चालतं. आमच्याकडे डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ अडीच सेकंदांत मिटतात, तिथे ‘संथ’ म्हणून काय होणार? आम्ही वेगाला हात लावत नाही. शब्द कमी करतो, किंवा जिथे ओठ दिसत नाहीत तिथे थांबा सरकवतो. शिवाय दिग्दर्शकाने स्वतः बोलून दाखवावं, हे मला पटतं. वेळ वाचतो.

माइकमागे
वेळ वाचतो, पण मग प्रत्येक पात्र त्या दिग्दर्शकासारखंच बोलायला लागतं. अगदी शेवटी, एखाद्या शब्दावरचं वजन जमत नसेल तेव्हा म्हणून दाखवा.

डबिंग_गल्ली
रोज पन्नास-साठ वाक्यं उरकायची असतात हो. शेवटपर्यंत कोण थांबतंय!

गिरगावकर
रकाना नव्याने लिहितोय. थांब्यासाठी संहितेत तिरपी रेघ घालू का? एक रेघ छोटा थांबा, दोन रेघा मोठा.

आजोळ
तिरपी रेघ म्हणजे ‘किंवा’ ना?

डबिंग_गल्ली
आमच्या संहितेत तीच रेघ पर्यायी शब्दासाठी असते. स्टुडिओ बदलला की चिन्ह बदलतं. पहिल्याच पानावर तुमचा अर्थ लिहून ठेवा.